फ्लॅटमध्ये राहून कुर्बानी: बोकडाची पारख, मांसाचे वाटे आणि कापायची सोय

प्रश्न: आम्ही सांगलीत फ्लॅटमध्ये राहतो. यंदा पहिल्यांदाच कुर्बानी करायची आहे. बोकड कसा बघून घ्यायचा, तीन वाटे कसे करायचे आणि कापायचं कुठं?

भाऊ, आपल्या भागात बहुतेक लोक हनफी रीतीनं कुर्बानी करतात, म्हणून तेच सांगतो.

आटपाडीच्या बाजारात जा नाहीतर वाडीवरून घ्या, वजन विचारण्याआधी बोकडाचा खालचा ओठ खाली करून दात बघा. पुढचे दात फक्त खालीच असतात, आठ. मधले दोन दुधाचे दात पडून रुंद, मोठे दात आले असतील तर तो दोन दाती, म्हणजे वर्ष भरलेला. आठही बारीक दिसले तर वयाची पक्की खात्री असल्याशिवाय घेऊ नका. खुराक देऊन आठ महिन्यांचा बोकडही भरलेला दिसतो. "सहा महिन्यांचं चालतं" असं कुणी म्हणेल, पण ती सूट मेंढ्याला आहे, तीही तो वर्षाचा दिसत असेल तर.

मग त्याला चार पावलं चालवा. आंधळा, एका डोळ्यानं अधू, अगदी हाडकुळा किंवा कापायच्या जागेपर्यंत स्वतःच्या पायानं जाऊ न शकणारा चालत नाही. कान तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापलेला नको. शिंग मुळातून उखडलेलं नको, टोक मोडलं असेल तर हरकत नाही. खच्ची केलेला बोकड बिनधास्त घ्या. टेम्पोतून आणताना पाय मोडला, तर ज्याच्यावर कुर्बानी वाजिब आहे त्याला दुसरा घ्यावा लागतो. म्हणून दाटीवाटीनं भरू नका.

बत्तीस किलोच्या बोकडाचं साधारण पंधरा किलो मटण पडतं. पाच किलो घरात, पाच पाहुण्यांत आणि शेजाऱ्यांत, पाच गरिबांना. हे वाटे फर्ज नाहीत, मुस्तहब आहेत. घरात खाणारी तोंडं जास्त असतील तर जास्त ठेवता येतं. पण गरिबांच्या वाट्यात नुसती हाडं आणि चरबी टाकू नका, मला ते फार खटकतं. मांडी, खांदा, बरगडी तिन्ही वाट्यांत पडू द्या. खाटकाची मजुरी रोख द्या. मटण किंवा कातडं मजुरीत धरता येत नाही; कातडं मदरशाला द्या.

सोसायटीच्या जिन्यात किंवा पार्किंगमध्ये कापू नका. महापालिकेनं परवानगी दिलेली जागा कोणती, हे ईदच्या आधीच विचारून घ्या. शहरात ईदच्या नमाजाआधी कापलेलं कुर्बानीत धरलं जात नाही. गर्दी असेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी करा. तिसऱ्या दिवशीच्या मगरिबपर्यंत मुदत असते.

हेही जमणार नसेल तर गावाकडच्या भावाला किंवा ओळखीच्या मदरशाला पैसे देऊन तुमच्या वतीनं करायला सांगा. तुमचं नाव आधी कळवा, आणि कापून झाल्याचा फोन आल्याशिवाय कुर्बानी झाली असं धरू नका.