वाँड्समध्ये सापडलेला टू ऑफ कप्स

प्रश्न : आमच्या नात्याची आजची स्थिती काय, असे विचारून मी टॅरोची तीन कार्डे ओळीने मांडली. डावीकडे नाइट ऑफ वाँड्स, मध्ये टू ऑफ कप्स आणि उजवीकडे थ्री ऑफ वाँड्स आले. कप्सचे पाणी दोन्ही बाजूंनी वाँड्सच्या आगीत सापडले आहे, तर नाते तुटणार असे समजायचे का?

उत्तर : नाही, तसा अर्थ या मांडणीतून निघत नाही. शेजारच्या कार्डांच्या तत्त्वांवरून मधल्या कार्डाचा अर्थ बदलत नाही, त्याचे बळ बदलते. हा भेद सुटला की कप्सच्या शेजारी वाँड्स दिसताच माणूस भांडण किंवा ताटातूट वाचू लागतो. मीही सुरुवातीची बरीच वाचने अशीच बिघडवली आहेत.

आज एलिमेंटल डिग्निटीज या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत लंडनमध्ये 1888 साली स्थापन झालेल्या हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन या मंडळाच्या शिकवणीतून आली. वाँड्स म्हणजे अग्नी, कप्स म्हणजे जल, स्वोर्ड्स म्हणजे वायू आणि पेंटाकल्स म्हणजे पृथ्वी, असे त्यात धरलेले आहे. एकाच तत्त्वाची कार्डे शेजारी आली तर ती एकमेकांना फार बळ देतात. अग्नी आणि जल हे परस्परांचे विरोधी आहेत, तसेच वायू आणि पृथ्वी हेही, आणि विरोधी कार्ड शेजाऱ्याला दुर्बल करते. उरलेल्या सगळ्या जोड्या मित्र मानल्या जातात. मात्र मूळ नियमात एक गोष्ट आवर्जून सांगितलेली आहे, ती अशी की हे बळ वाढणे किंवा घटणे कार्डाच्या स्वभावाप्रमाणे चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही बाजूंना लागू पडते. म्हणजे शुभ कार्ड दुर्बल झाले तर त्याचे शुभत्व कमी पोहोचते आणि दुःखाचे कार्ड दुर्बल झाले तर दुःखही तितकेच ओसरते.

आता आपली तीन कार्डे पाहू. मधले कार्ड हा विषय आणि बाजूची दोन कार्डे ही त्याची विशेषणे, असे धरून वाचावे. टू ऑफ कप्स हे परस्परांनी ओळखलेल्या, दोन्हीकडून दिल्या-घेतल्या जाणाऱ्या प्रेमाचे कार्ड आहे आणि ते मध्यभागी आले आहे, याचा अर्थ असे प्रेम आपल्या नात्यात आहे. ते पुसले गेलेले नाही, केवळ त्याचा आवाज क्षीण झाला आहे. तो कशाने क्षीण झाला, हे सांगण्याचे काम बाजूच्या वाँड्सचे. नाइट ऑफ वाँड्स आवेगाने येतो आणि तितक्याच आवेगाने दुसरीकडे निघतो. थ्री ऑफ वाँड्समधली व्यक्ती उंचावर उभी राहून दूरच्या जहाजांकडे पाहते आहे आणि तिची पाठ आपल्याकडे आहे. ही दोन्ही कार्डे एकाच तत्त्वाची आहेत, त्यामुळे त्यांचा सूर एक होतो. मी हे वाचन असे मांडले असते : आपुलकी खरी आहे, परंतु धावपळ, उत्साह आणि पुढचे बेत यांनी सगळी जागा व्यापल्यामुळे तिला प्रत्यक्षात काही करून दाखवण्याची संधी मिळत नाही. अशा नात्यात भेटी रंगतात आणि योजनाही भरपूर होतात, पण एकाने दुसऱ्याला शांतपणे विचारपूस करावी असा वेळ क्वचितच येतो. आपल्या प्रत्यक्ष अनुभवाशी हे जुळते का, ते आपणच पाहावे. जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नये.

एक कार्ड बदलले की काय होते, हे पाहिल्यास नियम अधिक स्पष्ट होईल. उजवीकडे थ्री ऑफ वाँड्सऐवजी सिक्स ऑफ पेंटाकल्स आले असते तर पृथ्वी जलाची मित्र असल्यामुळे मधल्या कार्डाला एका बाजूने आधार मिळाला असता. तेव्हा नाइटचा उतावीळपणा प्रेमाला पातळ करतो आहे, पण नित्याची मदत आणि व्यवहारातली देवाणघेवाण त्याला धरून ठेवते आहे, असे म्हणता आले असते. (त्या चित्रात देणारा हातात तराजू धरून देतो, हेही विसरू नये.) उजवीकडे क्वीन ऑफ कप्स आली असती तर प्रकरण आणखी वेगळे झाले असते. बाजूची दोन कार्डे परस्परविरोधी असली तर मधल्या कार्डावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही, असा नियम आहे. एका बाजूने खेचलेले बळ दुसऱ्या बाजूने भरून निघते आणि टू ऑफ कप्स आपल्या नेहमीच्या बळाने वाचायचा असतो.

मध्ये टू ऑफ कप्सऐवजी फाइव्ह ऑफ कप्स असता, तर आपल्याला घाबरवणारे हेच दोन वाँड्स दिलासा देणारे ठरले असते. सांडलेल्या तीन पेल्यांकडे पाहत बसलेले ते दुःख दुर्बल झाले असते, म्हणजे जुना विरह मनात आहे, पण आता तो माणसाला अडवून धरू शकत नाही. आग आणि पाणी म्हटले की अनर्थ, अशी सरळ समजूत इथे पूर्णपणे उलटते, म्हणून शिकवताना हे उदाहरण मी सर्वांत आधी घेतो.

मेजर आर्काना, म्हणजे या चार गटांबाहेरच्या मुख्य कार्डांचे तत्त्व चित्रावरून ठरवू नये, त्यांच्या राशीवरून घ्यावे. प्रेमाच्या वाचनात द लव्हर्स आले की पुष्कळजण त्याला जल समजतात, पण त्याची रास मिथुन, म्हणजे वायू. त्यामुळे ते कप्सचेही मित्र आहे आणि वाँड्सचेही. ग्रहांशी जोडलेल्या कार्डांबाबत, उदाहरणार्थ शुक्राच्या एम्प्रेसबाबत, वाचकांचे एकमत नाही. आपण एक तत्त्व निवडावे आणि मग ते बदलू नये.

दोन चुका मात्र टाळाव्यात. उलटी कार्डे आणि ही पद्धत एकाच वाचनात वापरली तर एकाच दुर्बलतेची दोनदा मोजणी होते, म्हणून सर्व कार्डे सरळ ठेवूनच ती वापरावी. दुसरे म्हणजे, ज्या मांडणीत प्रत्येक जागेला स्वतःचा स्वतंत्र प्रश्न नेमून दिलेला असतो, तिथे शेजार हा केवळ टेबलावरचा असतो. सेल्टिक क्रॉससारख्या मांडणीत दोन कार्डे टेकून पडली म्हणून त्यांची तत्त्वे जुळवत बसण्यात अर्थ नाही. तीन कार्डांच्या ओळीतही डावे कार्ड भूतकाळ आणि उजवे भविष्य असे आपण आधीच ठरवले असेल, तर वर केलेले वाचन तसेच लावता येणार नाही. बाजूची कार्डे विशेषणे म्हणून वाचायची की काळ म्हणून, हे कार्डे पिसण्यापूर्वी ठरवावे लागते. कार्डे पाहून ठरवले तर आपण मनाला हवे तेच उत्तर निवडतो.