डीएनडी लावलंय, तरी दिवसाला आठ-नऊ कॉल

"सहा महिन्यांपूर्वी डीएनडी लावलं. तरी कर्ज घ्या, प्लॉट घ्या, असे दिवसाला आठ-नऊ कॉल येतातच. माझा डब्यांचा व्यवसाय आहे. नव्या गिऱ्हाईकाचा फोन अनोळखी नंबरवरूनच येतो, त्यामुळे न उचलून चालत नाही. कणकेच्या हातांनी फोन घ्यावा, तर पलीकडून 'मॅडम, पर्सनल लोन'. नंबरच बदलून टाकू का?"
– पाथर्डी फाटा, नाशिक

या ताई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना सर्वांत आधी एवढंच सांगितलं, की नंबर तेवढा बदलू नका. सोडलेला नंबर कंपनी किमान ९० दिवस बाजूला ठेवते आणि मग दुसऱ्या कुणाला तरी देते. बँक, आधार, गॅस, मुलांची शाळा यांपैकी एखाद्या ठिकाणी जुना नंबर तसाच राहिला, तर तुमचा ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जाणार. शिवाय तुम्हाला मिळणारा नवा नंबरही बहुतेक वेळा कुणीतरी सोडलेलाच असतो. त्याचे कर्जवसुलीचे कॉल मग तुमच्याकडे येतात. आणि ज्या सवयीमुळे पहिला नंबर बाहेर गेला, त्याच सवयीमुळे दुसराही चार महिन्यांत जातो.

मग डीएनडीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो कुठे संपतो ते माहीत हवं. ज्या कंपन्या जाहिरातीचे कॉल रीतसर नोंदणी करून करतात, त्यांचे नंबर १४० ने सुरू होतात. डीएनडी त्यांना अडवतं. दोन दारं मात्र उघडीच राहतात. एक म्हणजे साध्या दहा अंकी मोबाइलवरून कॉल करणारा एजंट. त्याची नोंदणीच नाही, तो डीएनडीची यादी कशाला बघेल? दुसरं दार आपण स्वतः उघडलेलं असतं. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात एक चौकोन आधीच टिक केलेला असतो. त्यात लिहिलेलं असतं, की माझा नंबर डीएनडीमध्ये असला तरी ही कंपनी आणि तिचे भागीदार मला कॉल, एसएमएस आणि व्हॉट्सॲप करू शकतात. आपण दिलेली ही संमती डीएनडीच्या वरचढ ठरते. 'तिचे भागीदार' या दोन शब्दांत किती जण बसतात, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

त्यामुळे कॉल अडवायच्या आधी ते कुठल्या दारातून येतात, ते शोधायचं होतं. ताईंना दहा दिवस एक वही ठेवायला सांगितली. डब्यांच्या हिशोबाच्या वहीतलं मागचं पान चाललं. प्रत्येक कॉलचा नंबर, तारीख, कोण बोलतंय, कशासाठी, आणि आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली, एवढंच लिहायचं. शेवटचा रकाना लोकांना फालतू वाटतो. आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त माहिती त्याच रकान्यातून निघते.

दहा दिवसांत ८६ कॉल झाले. त्यात कर्जाचे ४९, प्लॉट-फ्लॅटचे २२, बाकी विमा, शिकवण्या असे १५. यातले १४० ने सुरू होणारे फक्त ९ होते, म्हणजे डीएनडी आपलं काम करत होतं. उरलेले ७७ साध्या मोबाइल नंबरांवरून आलेले.

आता नावाचा रकाना बघा. प्लॉटवाले त्यांना माहेरच्या आडनावाने हाक मारत होते. सासरच्या गावात, बँकेत, आधारवर कुठेच ते आडनाव नाही. ताईंनी थोडा वेळ आठवून पाहिलं आणि त्यांनाच उलगडलं. दिवाळीच्या आधी भावाबरोबर एका प्रदर्शनात गेल्या होत्या. तिथे 'स्कूटर जिंका' अशी पेटी होती. भावाने दोघांची कुपनं भरली आणि सवयीने बहिणीचं नाव माहेरचं लिहिलं. त्र्यंबक रोडच्या एनए प्लॉटचे बावीसच्या बावीस कॉल त्या एका कुपनातून आले होते.

कर्जाच्या कॉलचं मूळही सापडलं. कणीक मळायच्या मशीनसाठी कर्ज मिळेल का, हे बघायला त्यांनी एका वेबसाइटवर 'मोफत क्रेडिट स्कोअर' बघितला होता आणि तिचंच ॲपही घेतलं होतं. कॉल सुरू झाल्यावर ॲप काढून टाकलं. इथे बहुतेकांची चूक होते. ॲप काढलं की ते फक्त आपल्या फोनमधून जातं, कंपनीकडचं खातं, नंबर आणि संमती तशीच राहते. उलट लॉगिन करून खातं बंद करायची सोय हातातून जाते. ताईंना ॲप पुन्हा घ्यायला लावलं. आधी फोनच्या सेटिंगमधून त्याला दिलेली संपर्कयादी, एसएमएस आणि लोकेशनची परवानगी काढली. अँड्रॉइडवर हे Permission manager या नावाखाली असतं. मग ॲपच्या आत जाऊन खातं बंद केलं आणि शेवटी ॲप काढलं. संपर्कयादीची परवानगी आधीच दिली गेली असेल, तर प्रश्न फक्त तुमच्या नंबरचा राहत नाही. डबे घेणाऱ्या साठ-सत्तर घरांचे नंबरही त्याच वाटेने गेलेले असू शकतात. कर्ज देणाऱ्या ॲपनी संपर्कयादी आणि कॉलची नोंद घेऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगितलं आहे. एखादं ॲप ती मागत असेल, तर तिथेच थांबा.

खातं बंद केल्यावर त्या वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल पाठवला. त्याचा पत्ता वेबसाइटच्या तळाशी, 'प्रायव्हसी पॉलिसी'च्या शेवटी असतो. मजकूर एवढाच होता:

```
माझा मोबाइल नंबर: (१० अंक)
कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲप आणि ईमेलसाठी दिलेली
संमती मी आजपासून मागे घेत आहे.
माझी माहिती काढून टाकावी. ती कोणाकोणाला दिली
हे कळवावे आणि त्यांनाही काढायला सांगावे.
```

फोनवर तोंडी सांगितलेलं कुठे टिकत नाही. ईमेलला तारीख असते, आणि पुढे पुन्हा कॉल आला तर तीच तारीख दाखवता येते.

स्कोअर बघायचाच असेल तर तो थेट क्रेडिट ब्युरोकडून बघावा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम आहे. त्या अहवालात 'एन्क्वायरी'चा भाग जरूर वाचावा. आपण अर्ज न केलेल्या एखाद्या कंपनीने आपला अहवाल मागवला असेल, तर ती तिथे दिसते.

राहिले साध्या नंबरवरून येणारे कॉल. ताई आतापर्यंत असा नंबर ब्लॉक करून मोकळ्या होत होत्या. एजंटला त्याने काहीच फरक पडत नाही, तो दुसऱ्या सिमवरून लावतो. आधी तक्रार, मग ब्लॉक, हा क्रम पाळला तर फरक पडतो. १९०९ वर असा एसएमएस करायचा, ज्यात विषय थोडक्यात, कॉल आलेला नंबर आणि तारीख येते:

```
Loan call without consent, 98XXXXXXXX, 14/11/25
```

अँड्रॉइड फोनवर दूरसंचार नियामक ट्रायच्या डीएनडी ॲपमधून कॉलच्या यादीतला नंबर निवडूनही हे होतं, टाइप करायला लागत नाही. २०२५ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून तक्रारीसाठी ३ ऐवजी ७ दिवस मिळतात, आणि डीएनडी लावलेलं नसलं तरी तक्रार घेतली जाते. एखाद्या नंबरविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते. पहिल्या वेळी त्या माणसाच्या सगळ्या नंबरांवरून जाणारे कॉल १५ दिवस बंद होतात. पुन्हा तेच केलं तर सगळी जोडणी वर्षभरासाठी तोडतात. म्हणून एकट्याच्या तक्रारीने काय होणार, असं म्हणू नका. तुमची तक्रार पाचातली एक असते. ताईंनी रोज रात्री भांडी आवरल्यावर पाच मिनिटं यासाठी ठेवली.

कॉलवर काय बोलायचं, हेही ठरवलं. 'आत्ता कामात आहे, नंतर करा' हे आपल्याला सभ्यपणाचं वाटतं. पलीकडच्या यादीत त्याची नोंद 'पुन्हा कॉल करणे' अशी होते. त्याऐवजी ताई तीनच वाक्यं बोलू लागल्या. "कोणत्या कंपनीतर्फे बोलताय? माझी संमती नाही. नंबर यादीतून काढा." मग फोन ठेवायचा. रागावायचं नाही, वाद घालायचा नाही, आणि 'तुम्ही अमुकच ना, राहायला पाथर्डी फाट्याला ना' याला हो म्हणायचं नाही. त्या 'हो'मुळे त्यांच्याकडची माहिती पक्की होते.

वही चाळताना एक कॉल वेगळा निघाला. बोलणारा स्वतःला बँकेचा म्हणवत होता आणि केवायसी संपलंय असं सांगून पॅनचा फोटो व्हॉट्सॲपवर मागत होता. हा विक्रीचा कॉल नव्हे. अशा कॉलची माहिती sancharsaathi.gov.in वरच्या 'चक्षू'मध्ये द्यायची असते. पैसे गेले असतील तर मात्र तिथे वेळ घालवू नये, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करावा. ताईंनी फोटो पाठवला नव्हता, पण आधी एका कर्ज एजंटला आधारची प्रत दिली होती. म्हणून याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, ते तपासून घेतलं. दोनच होती, दोन्ही घरातली. पुढे प्रत द्यावी लागली, तर शेवटचे ४ अंकच दिसणारं मास्क्ड आधार काढून द्यायचं आणि प्रतीवर आडवं लिहायचं, 'फक्त अमुक कामासाठी', खाली तारीख.

सहा आठवड्यांनी ताई पुन्हा आल्या, वही घेऊनच. कर्जाचे कॉल दिवसाला एखाद-दुसऱ्यावर आले होते. वेबसाइटचं 'माहिती काढली' असं उत्तरही आलं होतं. प्लॉटचे कॉल मात्र फारसे कमी झाले नव्हते. कुपनाच्या पेटीमागे कंपनीचं नावच नव्हतं, त्यामुळे संमती मागे घ्यायची तरी कोणाकडे? ती यादी आता एजंटांच्या हातात फिरते आहे. ती परत मिळत नाही, हळूहळू जुनी होते. तिथे १९०९ एवढाच उपाय.

नंबरचं काय करायचं, हा मूळ प्रश्नही सुटला. डब्यांवर, रिक्षामागच्या स्टिकरवर आणि गिऱ्हाइकांकडे असलेला जुना नंबर व्यवसायासाठीच ठेवला. घरातलं दुसरं सिम बँक आणि आधारसाठी जोडून घेतलं. तो नंबर कुठल्याच फॉर्मवर, दुकानाच्या बिलावर किंवा ॲपवर द्यायचा नाही. दुकानदाराने बिलासाठी नंबर मागितला तर नाही म्हणता येतं. नंबर दिल्याशिवाय बिल देणार नाही असा हट्ट धरू नये, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलं आहे.

आणि केवायसी नसलेल्या फॉर्मवर, म्हणजे चौकशी, सोडत, सवलत कार्ड अशा ठिकाणी, ताई आता नाव दरवेळी थोडं बदलून लिहितात. एकीकडे वडिलांचं आद्याक्षर, दुसरीकडे गावाचं. ईमेल द्यायचा झाला तर जीमेलमध्ये @ च्या आधी अधिकचं चिन्ह आणि एक शब्द घालतात, उदाहरणार्थ नावानंतर +mixer. मेल त्याच खात्यात येतो, पण कुठून फुटला ते पत्त्यावरच दिसतं. गेल्या आठवड्यात त्यांना गावाच्या आद्याक्षराने हाक मारणारा पहिला कॉल आला. वहीत बघितलं, तर भांड्यांच्या दुकानाचं सवलत कार्ड. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी कार्ड रद्द करायचा अर्ज दिला आणि त्याची पोच घेऊन आल्या.