बिलातून कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या 26AS या कर-नोंदींच्या पत्रकात कसा शोधायचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये चादरीच्या शोरूमचं इंटिरिअर केलं. ८०,००० चं बिल दिलं, खात्यात ७२,००० आले. उत्पन्न किती दाखवू? (जुळे सोलापूर)

पूर्ण ८०,०००. कापलेले ८,००० म्हणजे व्यावसायिक फीवरचा १० टक्के टीडीएस. तो तुमच्याच नावावर भरलेला कर आहे, विवरणपत्रात तो वेगळा मागायचा. ७२,००० दाखवून वर ८,००० चं क्रेडिट मागितलंत, तर आकडे जुळणार नाहीत आणि विचारणा होईल.

सप्टेंबरात क्लायंट म्हणाला, "टॅक्स भरलाय." 26AS मध्ये मात्र काहीच दिसेना. फसवलं का? (होटगी रोड)

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. ऑगस्टमध्ये कापलेला कर ७ सप्टेंबरपर्यंत भरायचा असतो. पण तो कोणाच्या नावचा, हे आयकर खात्याला कळतं क्लायंटच्या तिमाही 26Q विवरणपत्रातून. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीसाठी त्याची मुदत ३१ ऑक्टोबर. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबा.

मग incometax.gov.in वर लॉगिन करून `e-File` मधून `View Form 26AS` उघडा. क्लायंटच्या नावाखाली दिलेली रक्कम, कापलेला कर आणि भरलेला कर पाहा. पुढे `F` असेल तर काम झालं. `U` म्हणजे कराचा भरणा जुळलेला नाही. पैसे भरलेच नसतील किंवा चलनाचे तपशील चुकले असतील.

नोंदच नसेल तर 26Q भरलेलं नाही किंवा तुमचा पॅन चुकलाय. पॅनचं एक अक्षर चुकलं तरी तुमचा कर दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतो. अशा वेळी क्लायंटच्या अकाउंटंटला बिल आणि पॅनची प्रत ईमेलने पाठवा आणि 26Q ची दुरुस्ती मागा. फोनवर "बघतो" म्हटलेलं पुढे पुरावा म्हणून दाखवता येत नाही. सोबत आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून काढलेला फॉर्म 16A, म्हणजे टीडीएसचं प्रमाणपत्र, मागा. साध्या लेटरहेडवरचं पत्र त्याची जागा घेत नाही.

क्लायंटने कर कापून सरकारकडे भरलाच नाही, तर आयकर कायदा १९६१ च्या कलम २०५ नुसार तेवढा कर तुमच्याकडून वसूल करता येत नाही. पण विवरणपत्र तपासणारी यंत्रणा 26AS बघते, म्हणून मागणीची नोटीस तरीही येऊ शकते. तेव्हा कर कापल्याचं दाखवायला बिल, बँकेचा उतारा आणि कपातीचा उल्लेख असलेला ईमेल लागतो. हे तिन्ही आजच एका फाइलमध्ये ठेवा.

बिल २८ मार्च २०२५ चं, पैसे १२ एप्रिलला आले. 26AS मध्ये टीडीएस मार्चचा दिसतो. मी पैसे आल्यावरच जमा धरतो. (विजापूर रोड)

क्लायंटने मार्चमध्येच बिल खात्यात नोंदवलं, त्यामुळे कपातही तेव्हाच झाली. यात त्याची चूक नाही. तुमचं उत्पन्न मात्र २०२५-२६ चं, आणि क्रेडिट उत्पन्नाच्या मागे जातं. २०२४-२५ च्या विवरणपत्राच्या टीडीएस तक्त्यात ही रक्कम पुढच्या वर्षासाठी राखून दाखवा आणि त्या वर्षी उत्पन्नासोबत मागा. आधीच मागून झालं असेल, तर सुधारित विवरणपत्राची मुदत आहे का, ते तुमच्या सीएंकडून लगेच पाहून घ्या.