रॉम्बर्गच्या तक्त्यातला ४ हा आकडा कुठून येतो ते आधी तपासा

प्रश्न: ट्रॅपेझॉइडल नियमाची दोन उत्तरं (h आणि h/2) एकत्र करून रॉम्बर्ग पद्धत अचूकता कशी वाढवते? परीक्षेपलीकडे प्रत्यक्षात किती कॉलम घ्यावेत?

किती कॉलम घ्यायचे, याच मुद्द्यावरून माझं एकदा कामाच्या ठिकाणी कडाक्याचं वाजलं होतं, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात. फलन गुळगुळीत असेल तर ट्रॅपेझॉइडल नियमाची चूक वाटेल तशी नसते, तिला ठरलेला साचा असतो. ऑयलर–मॅक्लॉरिन सूत्र तो साचा देतं:

```
T(h) = I + c1*h^2 + c2*h^4 + c3*h^6 + ...
c1 = (f'(b) - f'(a)) / 12
```

h निम्मा केला की h² चं पद चौथाई होतं. म्हणून T(h/2) ची चारपट घ्या, त्यातून T(h) वजा करा, तीनने भागा, की ते पद उडून जातं. उरलेलं पद h⁴ चं. त्यावर हाच डाव १६ आणि १५ घेऊन खेळायचा, पुढे ६४ आणि ६३. ० ते १ मधलं eˣ घ्या. एका पट्टीने १.८५९१४१ येतं, दोन पट्ट्यांनी १.७५३९३१, चार पट्ट्यांनी १.७२७२२२. खरं उत्तर १.७१८२८२. चार पट्ट्यांचं उत्तर दुसऱ्याच दशांश स्थळी चुकलेलं आहे, पण या तिघांतून रॉम्बर्ग १.७१८२८३ काढतो. फलनाच्या फक्त पाच किमती लागल्या. रिचर्डसनने १९१० च्या सुमारास दगडी धरणातल्या ताणांचं गणित करताना h² चा हा गुण वापरला होता आणि रॉम्बर्गने १९५५ मध्ये तो ट्रॅपेझॉइडल नियमावर कॉलमामागून कॉलम असा चढवला. इथपर्यंत पुस्तकात मिळेल.

आता पुस्तकात एका ओळीत उरकतात ते. c1 मध्ये f'(a) आणि f'(b) आहेत. टोकाला उतारच अनंत असेल तर c1 ला काही अर्थ राहत नाही, वरचा साचा लागू होत नाही आणि ४ हा आकडा निराधार होतो. तक्ता मात्र तक्रार करत नाही, निमूट भरत जातो.

मी तेव्हा कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत, टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात नवीन होते. डिझेलच्या आडव्या दंडगोल टाक्या जायच्या आणि प्रत्येकीसोबत डिप चार्ट द्यावा लागायचा: रॉड इतके सेंटिमीटर भिजला तर आत इतके लिटर. आमच्या वरिष्ठ साहेबांनी त्यासाठी एक एक्सेल शीट केलेली होती. कोणताही आकार चालावा म्हणून त्यात प्रत्येक खोलीवरची रुंदी घेऊन रॉम्बर्गने क्षेत्रफळ काढलं जायचं. १६ पट्ट्या, पाच कॉलम. शीट त्यांची लाडकी होती आणि खरोखर मेहनतीने केलेली होती.

मी तपासायला सगळ्यात सोपी टाकी घेतली. त्रिज्या १ मीटर, लांबी ६ मीटर, दोन्ही तोंडं सपाट, टाकी बरोबर अर्धी भरलेली. याचं उत्तर काढायला शीट लागतच नाही. अर्ध्या वर्तुळाचं क्षेत्रफळ π/2, म्हणजे १.५७०७९६ चौरस मीटर, गुणिले ६: ९४२५ लिटर. शीट सांगत होती ९४०७. अठरा लिटर कमी.

साहेबांचं म्हणणं असं की तक्ता स्थिरावलेला आहे, शेवटचे आकडे जुळताहेत, तेव्हा शीट बरोबर. तुझाच हिशेब कुठेतरी चुकला असेल. मी π/2 चं काय चुकवणार? तरी त्यांनी ऐकलं नाही. नंतर पाणी भरून पाहिलं, तर फ्लो मीटरच अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे सत्तेचाळीस लिटर इकडे-तिकडे. त्यात अठरा लिटर बुडून गेले आणि सगळ्यांसमोर विषय संपला असं जाहीर झालं. मला तेव्हा वर्गमुळाचं कारण माहीत नव्हतं, फक्त उत्तर चुकतंय हे माहीत होतं. ते कारण मी घरी जाऊन त्या आठवड्यात शोधलं.

मध्यापासून खाली x अंतरावर टाकीची रुंदी 2√(1−x²). x हा ० पासून १ पर्यंत. तळाशी, x = १ ला, हे वर्तुळ रॉडला काटकोनात वळतं, म्हणजे रुंदीचा उतार तिथे अनंत आहे. शीटमधला पहिला कॉलम असा होता, शेजारचे दोन कॉलम मी जोडलेले:

```
n     T          T मधला फरक   फरकांचं गुणोत्तर
1     1.000000
2     1.366025   0.366025
4     1.497855   0.131829     2.78
8     1.544910   0.047055     2.80
16    1.561627   0.016717     2.81
```

शेवटचा कॉलम पाहा. साचा लागू असता तर हे गुणोत्तर ४ च्या जवळ गेलं असतं (eˣ ला पहिल्याच खेपेला ३.९४ येतं). इथे ते २.८३ कडे चाललं आहे. २.८३ म्हणजे 2^1.5. वर्गमुळाच्या टोकामुळे चुकीचं मुख्य पद h² चं नाही, h^1.5 चं आहे. साहेबांची शीट ते ४ समजून खोडत होती, म्हणून अर्धवट खोडलं जायचं. पुढचे १६, ६४, २५६ तर त्या पदाला जवळजवळ हातच लावत नाहीत.

आणि हे दिसतं कसं? शेवटच्या ओळीत उजवीकडे जाताना १.५६७२०, १.५६७६४, १.५६७७३, १.५६७७५. शेवटच्या दोघांत ०.००००२ चा फरक. माणूस म्हणणार, झालं, जुळलं. खरी चूक ०.००३ आहे, म्हणजे दिसणाऱ्या फरकाच्या शंभरपटीहून जास्त. ओळीत आडवे आकडे जुळणं हा पुरावाच नाही. भाजक १५, ६३, २५५ असे वाढत जातात, त्यामुळे दुरुस्ती लहान लहान होतच जाणार, उत्तर बरोबर असो वा नसो. आमच्या वादाचं मूळ हेच होतं आणि यात मी आजही तसूभर मागे हटणार नाही.

दुरुस्ती त्याच पाच आकड्यांतून होते. ४ च्या जागी 2^1.5 घ्यायचं, म्हणजे फरकाला ३ ऐवजी १.८२८४ ने भागायचं:

```
1.561627 + 0.016717/1.8284 = 1.570769
1.544910 + 0.047055/1.8284 = 1.570645
```

या टाकीत पुढचं पद h^2.5 चं आहे, त्याचा गुणक 2^2.5 = ५.६५७. म्हणून या दोघांतला फरक ४.६५७ ने भागून पहिल्यात मिळवा: १.५७०७९६. सहाही दशांश स्थळं बरोबर. नवीन एकही रुंदी मोजली नाही.

त्याहून सरळ वाट म्हणजे चलच बदलणं. x = sin θ घेतलं की रुंदीचं टोक गुळगुळीत होतं आणि अर्ध्या टाकीसाठी साधा ट्रॅपेझॉइडल नियम एकाच पट्टीत π/2 देतो. तिथे रॉम्बर्गची गरजच उरत नाही. मी आता शीट केली तर हेच करेन.

अठरा लिटरसाठी एवढं भांडायचं का, असं तेव्हा मला विचारलं गेलं. चूक सगळ्या खोल्यांवर सारखी असती तर दोन डिपच्या वजाबाकीत ती उडाली असती आणि मीही गप्प बसले असते. पण शीट प्रत्येक खोलीचे १६ भाग करायची, म्हणजे खोली बदलली की h बदलायचा. अर्धा मीटर खोलीला चूक साधारण सहा-सात लिटर, एक मीटरला अठरा. टाकी अर्ध्यावरून पाव खोलीवर आली की बारा-एक लिटर डिझेलचा हिशेब दर वेळी एकाच दिशेने चुकणार. तो हिशेब द्यायला टाकीवरचा माणूस उभा असतो, शीट बनवणारा नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: कॉलमची संख्या आधी ठरवूच नका. पहिल्या कॉलममध्ये फरकांचं गुणोत्तर ४ च्या आसपास असेल तरच दुसरा कॉलम भरा. दुसऱ्यात ते १६ च्या आसपास असेल तरच तिसरा. यासाठी किमान तीन T लागतात. दोनच T घेऊन सूत्र लावणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे कळायला मार्गच नसतो.

दोन गोष्टी राहिल्या. पहिली: वरचं १.५ आणि २.५ बरोबर अर्ध्या टाकीलाच इतकं स्वच्छ बसतं, कारण मध्यावर रुंदीचा उतार शून्य आहे. दुसऱ्या कुठल्याही खोलीला वरच्या टोकाकडून h² चं पदही येतं. मग 2^1.5 नंतर ४, मग 2^2.5 असे क्रमाने गुणक घ्यावे लागतात, आणि सुरुवातीची गुणोत्तरं इतकी स्पष्ट दिसत नाहीत. टाकीला फुगीर तोंडं असतील तर तळाशी घातांकच वेगळा येऊ शकतो, तिथे गुणोत्तर पाहूनच ठरवा.

दुसरी: गुणोत्तर बिघडणं म्हणजे दर वेळी वर्गमूळच असतं असं नाही. ० ते १ मधलं 4/(1+x²) घ्या, उत्तर π. इथे दोन्ही टोकांना तिसरा अवकलज शून्य आहे, म्हणून h⁴ चं पद मुळातच नाही. पहिल्या खोडणीनंतर चार पट्ट्यांना ३.१४१५६९ येतं. त्यावर १६ चा डाव लावला की ३.१४२११८ होतं, म्हणजे नसलेलं पद खोडायला जाऊन उत्तर वीसपटीने बिघडतं. आठ पट्ट्या घेऊन दुसऱ्या कॉलमचं गुणोत्तर काढलं तर १६ च्या जागी तीनशेच्या वर दिसतं, आणि तिथेच थांबायचं हे कळतं.