दिल्लीत उतरायचं की बसून राहायचं? पहिल्या विमान तिकिटाबद्दलचे प्रश्न

मुलाने फ्रँकफर्टचं तिकीट पाठवलंय. इंदूर ते दिल्ली, मग ‘Layover 5h 40m’ आणि पुढे दिल्ली ते फ्रँकफर्ट. एवढा वेळ विमानातच बसून राहायचं का? आणि बॅगांचं काय? (लोकमान्य नगर, इंदूर)

उतरायचं. लेओव्हर म्हणजे एक विमान सोडून दुसरं पकडेपर्यंतचा मधला वेळ. रेल्वेत आपण इटारसीला गाडी बदलतो ना, तसंच. फक्त इथे फलाटाऐवजी टर्मिनल आणि गेट बदलतं.

तुमच्या तिकिटावर इंदूरचं विमान 14 तारखेला रात्री 9:10 ला दिल्लीत उतरतंय आणि पुढचं 15 तारखेला पहाटे 2:50 ला आहे. तारीख नीट बघा. 15 तारखेचं विमान म्हणजे 14 च्या रात्रीचंच जागरण. एकाच तिकिटात ही चूक होत नाही, पण दिल्लीहून वेगळं निघणारे लोक 15 च्या रात्री विमानतळावर पोचतात, तेव्हा विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असली, तर इंदूरच्या काउंटरवर बॅग थेट फ्रँकफर्टपर्यंत जाते आणि बहुधा दोन्ही बोर्डिंग पास तिथेच मिळतात. बॅगेला पट्टी लावतात ती हलण्याआधी वाचा. त्यावर मोठ्या अक्षरांत FRA दिसलं पाहिजे. नुसतं DEL असेल तर तिथेच विचारा, कारण मग बॅग दिल्लीच्या पट्ट्यावर येईल आणि तुम्ही मात्र पुढे निघून गेलेले असाल. पट्टीचा छोटा तुकडा देतात, तो पासपोर्टमध्येच ठेवा.

दिल्लीत टर्मिनल 3 ला उतरलात तर बाहेर पडू नका, International Transfers च्या पाट्या धरून चला. इमिग्रेशनचा शिक्का इंदूरला नाही, दिल्लीत बसेल. त्यानंतर हातातल्या सामानाची पुन्हा तपासणी होते आणि इथे नियम बदलतो. इंदूरहून आणलेली पाण्याची भरलेली बाटली आंतरराष्ट्रीय तपासणीत चालत नाही, 100 मिलीपेक्षा मोठ्या कुठल्याच बाटलीतला द्रवपदार्थ चालत नाही. मुलासाठी नेत असलेलं लोणचं इंदूरलाच मोठ्या बॅगेत घाला.

दोन वेगळी तिकिटं काढली तर पाच-सहा हजार वाचताहेत. इंदूर–दिल्ली एका कंपनीचं, पुढचं दुसरीचं. काढू का? (रामबाग, इंदूर)

पहिल्यांदाच जात असाल तर नका काढू. वेळापत्रक तेच, मधला वेळ तोच, पण कागदावर तो लेओव्हर उरत नाही. पुढच्या कंपनीच्या लेखी तुम्ही दिल्लीतूनच निघणारे प्रवासी असता, इंदूरहून येताय याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

वरचीच वेळ घ्या. 9:10 ला उतरलात. बॅग हातात यायला अर्धा-पाऊण तास. विमान टर्मिनल 1 ला उतरलं असेल तर टर्मिनल 3 ला रस्त्याने जावं लागतं, तो एक तास धरा. मग रात्री 11 ला नव्याने चेक-इनच्या रांगेत. काउंटर सहसा सुटण्याच्या 60 ते 75 मिनिटं आधी बंद होतो, म्हणजे दीड-पावणेदोनपर्यंत. हाताशी जेमतेम अडीच तास उरले. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने इंदूरचं विमान तीन तास लांबलं की तेही संपले. एकाच तिकिटात असं झालं तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम असतं. दोन तिकिटांत तुम्ही ‘नो-शो’, म्हणजे विमानाला आलाच नाहीत असे, ठरता आणि परतीचंही त्याच तिकिटावर असेल तर तेही रद्द होतं.

शिवाय वजन. देशांतर्गत विमानात साधारण 15 किलोची मुभा असते. तुमच्या परदेशी तिकिटावर 23 किलो लिहिलेले असतील, तर इंदूरच्या काउंटरवर 8 किलोचे जादा पैसे पडतील. वाचलेल्या पाच हजारांतला बराच भाग तिथेच जातो.

तिकीट एक की दोन, हे PNR वरून ओळखू नका. बुकिंगच्या काही साइट दोन कंपन्यांची तिकिटं आपल्याच एका बुकिंग क्रमांकाखाली बांधून देतात आणि बारीक अक्षरांत Self transfer, म्हणजे मधली बदली तुमची तुम्ही करायची, असं लिहितात. ई-तिकीट क्रमांक बघा. तो 13 आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: एअर इंडियाचे 098, लुफ्थान्साचे 220. दोन्ही टप्प्यांपुढे तोच 13 आकडी क्रमांक असेल तर तिकीट एक.

विमानाचा क्रमांक AI ने सुरू होतो, पण खाली ‘Operated by Lufthansa’ लिहिलंय. मग विमान नक्की कोणाचं? (स्नेहलतागंज, इंदूर)

लुफ्थान्साचं. तिकीट विकलं एकाने, उडवणार दुसरा, याला कोडशेअर म्हणतात. त्याच एका विमानाला दोन्ही कंपन्यांचे क्रमांक असतात, म्हणून विमानतळाच्या फलकावर क्रमांक आलटून पालटून दिसतो. विमान रद्द झालं असं समजू नका, वेळ आणि गेट जुळवून बघा.

प्रवास दिल्लीहूनच सुरू होत असेल तर Operated by पुढे ज्याचं नाव आहे, त्याच्या काउंटरवर जायचं. इंदूरहून निघत असाल तर इंदूरचा टप्पा जो उडवतोय त्याचा काउंटर. वेब चेक-इनला लोक अडकतात ते इथेच. विकणाऱ्या कंपनीचा सहा अक्षरी PNR उडवणाऱ्याच्या साइटवर बरेचदा चालत नाही, कारण तिथे त्याच आरक्षणाचा वेगळा सहा अक्षरी PNR असतो. तो एजंटकडून किंवा विकणाऱ्या कंपनीला फोन करून घ्या आणि तिकिटावर पेनाने लिहून ठेवा. सामानाची मुभा मात्र अंदाजाने धरू नका. तिकिटावर 1PC म्हणजे एक बॅग किंवा 23K म्हणजे 23 किलो, असं जे छापलंय तेच धरा.

वाटेत दुबईला दोन दिवस राहिलो तर तोही लेओव्हरच ना? (पागनीस पागा, इंदूर)

नाही, तो स्टॉपओव्हर. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधला मुक्काम 24 तासांच्या वर गेला की नाव बदलतं आणि हिशेबही. बॅग तिथे ताब्यात घ्यावी लागते, त्या देशाचा व्हिसा लागतो आणि भाड्यात स्टॉपओव्हरची सोय आहे का ते तिकीट काढण्याआधी बघावं लागतं. हॉटेल आपोआप मिळत नाही.

तिकीट इंदूरपासूनचं आहे, पण आम्ही दिल्लीपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून विमानात बसलो तर? (महू)

अजिबात नको. पहिला टप्पा वापरला नाही की पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, पैसे पूर्ण भरलेले असले तरी. रेल्वेनेच जायचं असेल तर तिकीट दिल्लीपासूनच काढा.

येताना बॅग थेट इंदूरला येईल ना? (लोकमान्य नगर, इंदूर)

पट्टीवर IDR लिहिलेलं असलं तरी साधारणपणे दिल्लीतच ती पट्ट्यावरून उचलावी लागते, कारण भारतातला कस्टम तिथे होतो. इमिग्रेशन, बॅग, कस्टम, मग बॅग पुन्हा जमा करायची आणि त्यानंतर देशांतर्गत तपासणी. म्हणून परतीच्या वाटेवर दिल्लीत दोन तासांचा लेओव्हर दाखवणारं तिकीट मी घेणार नाही. चार तास तरी बघा. फ्रँकफर्टला बॅग देतानाच काउंटरवर विचारून घ्या की ती कुठे उचलायची.