पंधरा प्रयोग, बारा दिवस

"मॅडम, फिजिक्सचे नऊ अन् केमिस्ट्रीचे सहा प्रॅक्टिकल लिहायचे राहिले. बारा दिवसांनी जर्नल जमा करायचं आहे. रात्री दोनपर्यंत लिहितो, सकाळी वाचायला बसलो की डोळे मिटतात. जर्नल लिहू का अभ्यास करू?"

बारावी सायन्सचा हा मुलगा जानेवारीत माझ्या नागपूरच्या केंद्रात आला तो दप्तर घेऊनच. म्हटलं, वेळापत्रक नंतर, आधी माझ्यासमोर एक प्रयोग लिहून दाखव. त्याने मीटर ब्रिज काढला. सव्वा तास लागला, पण खरं लिहिणं अर्ध्याच वेळाचं. बाकीचा वेळ तक्त्याला दुहेरी रेघा मारण्यात आणि मित्राने पाठवलेल्या फोटोतून रीडिंग हुडकण्यात गेला, कारण त्या प्रयोगाला तो गैरहजर होता. उतरवतानाही चुकलाच. एका ओळीत तारेच्या दोन भागांच्या लांब्या होत्या, ४७.३ आणि ५३.७. तार १०० सेंमीची आणि बेरीज १०१! मीच बोट ठेवलं. सरांना तर दोन सेकंद पुरले असते.

मग रफ वही उघडली. अकरा प्रयोगांची रीडिंग सहीसकट होती, चार त्याने केलेच नव्हते. हे चार घरी कितीही जागून होणार नव्हते, आणि शेवटच्या आठवड्यात लॅबमध्ये झुंबड असते. म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याला सरांकडे पाठवलं. बोलणी खाल्ली, पण दुसऱ्या बॅचसोबत चारही करायला मिळाले.

सकाळी साडेपाच ते आठ फक्त उजळणी, तेव्हा जर्नल दप्तराबाहेर काढायचंच नाही. लिहायचं रात्री साडेआठ ते दहा, डोकं थकलं तरी हात चालतो तेव्हा. तीन प्रयोगांचे तक्ते एकदमच आखायचे, साध्या पेन्सिलीने, एकेरी रेघांत. नक्षीला गुण नसतात. अशाने प्रयोग पाऊण तासात होऊ लागला, म्हणजे रात्रीचे दोन.

लिहून झालं की जर्नल मिटून दोन प्रश्न मोठ्याने सोडवायचे. नल पॉइंट तारेच्या मध्याजवळ का हवा? R आणि X ची जागा बदलून पुन्हा रीडिंग का घ्यायचं? तोंडी परीक्षेत असलंच विचारतात, त्यामुळे प्रॅक्टिकलची तयारी वेगळी करावी लागली नाही.

संक्रांतीची संध्याकाळ पतंगात गेली. जाणारच होती, मी ती आधीच मोकळी सोडली होती.

तीन-तीन प्रयोग लिहून झाले की तो लगेच तपासून घेत होता. दहाव्या दिवशी केमिस्ट्रीचं जर्नल परत आलं, अनुक्रमणिकेत तारखाच नव्हत्या. दुपारच्या सुट्टीत भरल्या आणि सही घेऊन आला.