नेकलाइन तुटली, तरी शेअर वर गेला

प्रश्न : पुस्तकातल्यासारखा अगदी तंतोतंत हेड अँड शोल्डर्स दिसला, तर शेअर पडणारच असं धरून चालावं का?

धरून चालू नये. मी तसे धरले होते. हेड अँड शोल्डर्स म्हणजे चार्टवर मधले उंच शिखर डोक्यासारखे आणि दोन्ही बाजूंची बुटकी शिखरे खांद्यांसारखी दिसतात ती आकृती; त्यांच्यामधले दोन तळ जोडणारी रेघ म्हणजे नेकलाइन.

वाशीच्या एका क्लासमध्ये सरांनी आम्हाला सांगितले होते की, नेकलाइनखाली बंद भाव आला की हा पॅटर्न चुकत नाही. काही महिन्यांनी ठाण्याला घरी बसून मी एका शेअरचा रोजचा चार्ट पाहत होतो. डोके ५२० रुपयांवर, दोन्ही खांदे ४९५ च्या आसपास आणि नेकलाइन ४६० वर, अशी ती आकृती वहीत चिकटवावी इतकी सुबक होती. डोक्यापासून नेकलाइनपर्यंतचे ६० रुपये खाली मोजले की लक्ष्य ४०० येत होते. भाव ४५५ वर बंद होताच, तो आणखी पडला तर फायदा व्हावा म्हणून मी फ्युचर विकले आणि उलटा चढला तर तोटा तिथेच थांबावा म्हणून ४९५ ला स्टॉपलॉस ठरवला. चार दिवसांनी बाजार बंद झाल्यावर कंपनीचे तिमाही निकाल आले आणि दुसऱ्या सकाळी शेअर थेट ५१२ वर उघडला. स्टॉपलॉसच्या भावाला सौदाच झाला नाही, त्यामुळे ४० ऐवजी ५७ रुपयांचा तोटा पदरी पडला.

सरांना चार्ट दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "तुमची नेकलाइनच चुकली." ते उत्तर मला आजही मान्य नाही. भाव पडला तर पॅटर्न खरा आणि चढला तर रेघ चुकीची, असे म्हणायचे ठरवले, तर कोणताही पॅटर्न कधीच खोटा ठरणार नाही.

त्या सौद्यात मिळकत ५५ रुपयांची आणि जोखीम ४० रुपयांची होती, म्हणजे असे शंभर सौदे केले तर बेचाळीसच्या वर यशस्वी होणे पुरेसे होते. पण प्रत्येक फसलेला सौदा ५७ रुपये घेऊन गेला, तर निम्म्याहून अधिक यशस्वी व्हावे लागतात. त्यामुळे आकृती किती सुबक आहे याहून ती किती वेळा फसते आणि फसल्यावर किती नेते, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

ते पाहण्यासाठी जुन्या चार्टचा उजवा भाग कागदाने झाका, कागद एकेक कँडल, म्हणजे एकेक दिवस, सरकवा आणि दुसरा खांदा तयार होताना दिसताच, पुढचे न पाहता, खूण करा. मी हे केले तेव्हा खुणा केलेल्या बऱ्याच आकृत्या पूर्णच झाल्या नाहीत. भाव नेकलाइनपर्यंत न येता पुन्हा वर गेला. पुस्तकांत अशा अर्धवट राहिलेल्या आकृत्या सहसा छापत नाहीत, म्हणून छापलेली जवळजवळ प्रत्येक आकृती यशस्वी दिसते.

वरच्या हिशेबात दलाली आणि कर धरलेले नाहीत, आणि आधी मोठी तेजी झालेली नसेल तर या आकृतीला मुळातच अर्थ नसतो, हेही लक्षात घ्यावे. माझ्या चार्टवर ती तेजी होती आणि नेकलाइन दोन्ही तळांना बरोबर टेकलेली होती.